लाडवाचा की लाडूचा? पिढ्यांमागून सपाट होत जाणारी सामान्यरूपे

अक्षरवेल

एका दिवाळी अंकाच्या पाककृती विभागाचे मुद्रितशोधन सध्या माझ्याकडे आहे. एका लेखात "बेसनाच्या लाडवाचे मिश्रण" असे आले आहे आणि दुसऱ्या लेखात "रव्याच्या लाडूचा पाक". मी सवयीने दुसऱ्या लेखातही "लाडवाचा" केले. लेखिकेने अतिशय नम्रपणे विचारले, "ताई, आमच्या घरी कोणीच लाडवाचा म्हणत नाही, मग माझे चूक कसे?" मला लगेच उत्तर देता आले नाही.

त्यानंतर मी घरात कान देऊन ऐकू लागले. आजी, वय 84, नेहमी "लाडवाला तूप कमी पडलं" असेच म्हणते. आई दोन्ही म्हणते. आजीशी बोलताना लाडवाला आणि माझ्या मुलीशी बोलताना लाडूला, आणि आपण असे करतो हे तिला मी सांगेपर्यंत ठाऊक नव्हते. माझी मुलगी आठ वर्षांची आहे. ती फक्त लाडूला म्हणते. एकाच छताखाली एका शब्दाच्या तीन पायऱ्या दिसल्या.

मात्र हीच मुलगी "भाऊला" असे कधीही म्हणत नाही. ती "भावाला"च म्हणते. विंचूच्या बाबतीत तिची धांदल उडते, गव्हाच्या बाबतीत मुळीच नाही. भाऊ, लाडू, विंचू आणि गहू हे सगळे ऊकारान्त पुल्लिंगी शब्द आहेत, मग बदल एकाच वेगाने का होत नाही? जाणकारांनी कृपया लिहावे.

सदाफुली

हा प्रश्न मलाही नेहमी पडतो. "ठेऊन" लिहावे की "ठेवून"? "जाऊन" की "जावून"? शाळेत शिकवले होते, पण आता सगळीकडे दोन्ही दिसते. कोणते बरोबर आहे ते एकदा सांगून टाकावे.

मोडीचा_विद्यार्थी

अक्षरवेलताई, कारण अगदी सरळ आहे. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना सामान्यरूप शिकवले जात नाही, म्हणून ती मूळ शब्दालाच प्रत्यय चिकटवतात. पूर्वीचे लोक शुद्ध बोलत कारण त्यांची रूपे थेट संस्कृतातून आलेली होती. उदाहरणार्थ "धुतला" पाहा. संस्कृतातल्या "धौत" मधला त त्यात जसाच्या तसा टिकला आहे. आज कोणी "धुवला" म्हणाले तर तो त्या परंपरेचा तोटाच आहे. मुद्रितशोधकांनी "लाडवाचा"च ठेवावे असे माझे ठाम मत आहे.

जुना_पाणवठा

मी भाषाशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त आहे. प्रश्न फार नेमका विचारला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी ही "व" आली कुठून ते पाहू. लाडू हा शब्द लड्डुक, प्राकृतात लड्डुअ, या वाटेने आला. विंचू, नातू, भाऊ या शब्दांचीही प्राकृतातली रूपे अशीच "उअ"ने संपणारी होती. शब्दाच्या शेवटी हे "उअ" मिटून त्याचा दीर्घ ऊ झाला. परंतु विभक्तीच्या रूपांत त्या उपुढे आ होता, आणि उ पुढे आ आला की उचा व होतो. सु आणि आगत मिळून स्वागत होते, तीच ही गोष्ट. लाडु अधिक आ, म्हणून लाडवा. म्हणजे ही "व" मुळात व्याकरणाचा नियम म्हणून कोणी घातलेली नाही. ती उच्चाराच्या ओघात आपोआप तयार झाली. पुढे तो उच्चारनियम मावळला आणि मागे उरली ती एकाच शब्दाची दोन अंगे, लाडू आणि लाडवा. ती आता प्रत्येक मुलाला वेगळी पाठ करावी लागतात.

इथेच सादृश्याला वाव मिळतो. मुलाच्या कानावर चाकू–चाकूला, साधू–साधूला, खडू–खडूला, राजू–राजूला अशा जोड्या रात्रंदिवस पडतात. लाडू ऐकला, पण "लाडवाला" पुरेसे वेळा ऐकले नाही, तर ते मूल रिकामी जागा त्याच साच्याने भरते. हा आळस म्हणता येणार नाही. हे अनुमान आहे, आणि मूल बहुतेक वेळा याच अनुमानाने बरोबर बोलते.

आता भाऊ का टिकला? "भावाला, भावाने, भावाचा" ही रूपे इतक्या वेळा कानी पडतात की रिकामी जागा उरतच नाही. मुलाने एकदा "भाऊला" म्हटले तरी दुसऱ्या दिवसापर्यंत दहा वेळा भावाला ऐकून ते रूप दबून जाते. लाडू मात्र आपण बहुधा कर्ता किंवा कर्म म्हणून वापरतो. लाडू वळले, लाडू दे, लाडू फुटला. यात सामान्यरूप कुठेच येत नाही, आणि अनेकवचनही लाडूच. गव्हाचे नेमके उलटे आहे. शहरातल्या मुलाला "गहू" हा शब्द क्वचितच ऐकू येतो, पण गव्हाचे पीठ, गव्हाची पोळी, गव्हाचा चीक हे रोजचे आहे. तिथे सामान्यरूपच पुढे आहे आणि मूळ रूप मागे. म्हणून शब्द एकूण किती वेळा येतो एवढेच पुरत नाही. त्याचे कोणते रूप अधिक वेळा येते हेही पाहावे लागते.

मोडीचा_विद्यार्थी

आपले विवेचन पटते, पण मग आजीची पिढी लाडवाला कसे म्हणत असे? लाडू तेव्हाही कर्ता आणि कर्मच होता. माध्यम बदलले हे कारण आपण पूर्ण बाजूला सारू नये. आणि धुतलाबद्दल आपण काही बोलला नाहीत.

जुना_पाणवठा

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे, म्हणून ते मान्य करतो. एखादे रूप टिकण्यासाठी ते ठरावीक वेळा ऐकू यावे लागते. घरात एकत्र कुटुंबाऐवजी तीनच माणसे असतील आणि दिवसाचे सहा तास दुसऱ्या भाषेत जात असतील, तर विरळ रूपे आधी गळतात. माध्यमाचा परिणाम होतो तो असा. मात्र माध्यम बदलाची दिशा ठरवत नाही. ती दिशा भाषेतल्या साच्यांनी आधीच ठरवलेली असते. मराठी माध्यमातली मुलेही लाडूला म्हणतात, हे अक्षरवेलताईंच्या लेखिकेच्या घरावरूनही दिसते.

धुतलाचे उदाहरण मात्र आपल्या विरुद्ध जाते, आणि ते मला फार आवडते म्हणून सावकाश मांडतो. संस्कृतात दोन स्वरांमध्ये एकटा त आला तर प्राकृतात तो गळतो. गत पासून गेला, मृत पासून मेला, कृत पासून केला. या तिन्ही रूपांत त उरलेला नाही. शेवटचा ल हा नंतर जोडलेला प्रत्यय आहे. धौत मधला त अगदी त्याच स्थितीत होता, म्हणून तोही गळायलाच हवा होता. मग धुतला मधला त आला कुठून? बाहेरून आला. घेतला, घातला अशी नेहमीच्या वापरातली क्रियापदे "तला"ने संपत होती; घे–घेतला या जोडीवरून धु–धुतला अशी जोडी बसवली गेली. जो त परंपरेचा अवशेष वाटतो, तोच सादृश्याने आलेला आहे. लाडूच्या बाबतीत साचा सपाट झाला, धुतलाच्या बाबतीत अनियमित साचा पसरला. मुलाचे मन दोन्ही ठिकाणी एकाच रीतीने चालले.

मोडीचा_विद्यार्थी

गत, मृत आणि कृत ही तीन उदाहरणे एकत्र ठेवल्यावर माझे म्हणणे टिकत नाही, हे मान्य. धौत आणि धुतला यांतले साम्य इतके डोळ्यांत भरणारे होते की मी पुढे तपासलेच नाही.

सदाफुली

माझा प्रश्न राहून गेला असे वाटते.

जुना_पाणवठा

सदाफुलीताई, क्षमस्व. तुमचा प्रश्न लेखनाचा आहे, कारण ठेऊन आणि ठेवून यांचा उच्चार बोलताना फारसा वेगळा राहत नाही. नियम ओळखायचा असेल तर "तो" लावून पाहा. ठेवतो, जेवतो, धावतो यांत व दिसतो, म्हणून ठेवून, जेवून, धावून. जातो, घेतो, येतो यांत व नाही, म्हणून जाऊन, घेऊन, येऊन. तरीही लोक चुकतात त्यामागे तेच सादृश्य आहे. घेऊन, देऊन, येऊन यांच्या ओढीने ठेऊन होते, आणि ठेवून, जेवून यांच्या ओढीने जावून होते. दोन्ही गट सारखेच बलवान असल्यामुळे कोणी एक जिंकत नाही.

थेम्सकाठ

मी इंग्लंडमध्ये राहते आणि मुलांना रविवारच्या मराठी वर्गात शिकवते. इथल्या भाषेतही हेच घडले आहे, म्हणून लिहावेसे वाटले. "हेल्प" या क्रियापदाचे भूतकाळी रूप जुन्या इंग्रजीत "हेआल्प" होते, म्हणजे आतला स्वर बदलत असे. 1611 च्या बायबलच्या भाषांतरात "होल्पन" हे कृदन्त अजून सापडते. आज फक्त "हेल्प्ड" आहे.

याची मोजणीही झाली आहे. 2007 साली "नेचर" मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदे घेतली होती. त्यांतली 145 मध्ययुगीन इंग्रजीपर्यंत अनियमित राहिली आणि आज 98 उरली आहेत. वापर शंभर पटींनी कमी असेल तर क्रियापद दहा पट वेगाने नियमित होते, असे त्यांना आढळले. म्हणजे शेवटी सगळीच रूपे नियमित होणार, फक्त वेळेचा प्रश्न आहे, असे मी समजते.

जुना_पाणवठा

आकडे बरोबर आहेत, निष्कर्षाला मात्र थोडी मुरड घालावी लागेल. त्या अभ्यासात सुरुवातीलाच अनियमित असलेली क्रियापदे घेतली होती, म्हणून त्यातून एकाच दिशेचा प्रवास दिसणार हे ओघानेच आले. उलट दिशेचे प्रवासीही आहेत. "वेअर" हे क्रियापद जुन्या इंग्रजीत नियमित होते. "वोअर" हे रूप "बेअर–बोअर" सारख्या जोड्यांवरून नंतर आले. तुम्ही उल्लेख केलेल्या 1611 च्या भाषांतरात "डिग्ड" आहे आणि आज "डग" म्हणतात. आपल्या धुतलाचे हे इंग्रजी भाऊबंद समजा. नियमित होण्याचा ओघ मोठा आहे हे खरे, पण एखादा लहान गटही पुरेसा घट्ट आणि रोजच्या वापरातला असेल तर तो शेजारच्या शब्दांना आपल्याकडे ओढतो.

थेम्सकाठ

हे माझ्या लक्षात आले नव्हते. माझ्या वर्गातल्या मुलांचे सांगायचे तर ती "भाऊला" सर्रास म्हणतात, आणि "मी केलं" ऐवजी "मी करलं" सुद्धा. इथे मराठी आठवड्यातून एकदा आणि घरी संध्याकाळी एवढीच कानावर पडते. तुमच्या म्हणण्याप्रमाणे, जे शब्द पुण्यात टिकतात ते इथे टिकण्याइतके ऐकू येत नाहीत.

बालवाडीताई

करलं, जालं, घेलं हे मी बालवाडीत रोज ऐकते. ती तीन-साडेतीन वर्षांची असतात आणि विशेष म्हणजे त्याआधी काही जण "केलं" बरोबर म्हणत असतात. पालक घाबरून विचारतात की मूल मागे गेले का. मी सांगते की ते पुढे गेले आहे. आधी ते रूप पाठ होते, आता त्याला साचा सापडला आहे. पहिलीत जाईपर्यंत करलं बहुतेकांचे सुटते. "पिलं" मात्र सुटत नाही, आणि आता त्या मुलांचे पालकही "चहा पिला" म्हणतात. "प्यायला" म्हणणारी मी शिक्षिकांमध्ये एकटीच उरले आहे.

माझ्याकडे एक वेगळे उदाहरण आहे. डोक्यातल्या उवांबद्दल मुले बोलतात तेव्हा अनेकजण "माझ्या डोक्यात एक उवा होती" असे म्हणतात. "ऊ" त्यांना माहीतच नाही. इथे लाडूच्या उलट झाले का?

जुना_पाणवठा

ताई, हे फार मोलाचे निरीक्षण आहे. होय, इथे सपाटीकरण उलट्या दिशेने झाले. ऊ एकटी क्वचितच असते. निदान बोलण्यात ती नेहमी अनेकवचनातच येते. म्हणून मुलाच्या दृष्टीने उवा हाच मूळ शब्द आणि त्यातून एकवचन काढायचे, असे होते. जे रूप अधिक वेळा येते ते पाया बनते, एकवचन असो वा अनेकवचन.

मांडवीतीर

गोव्यातून लिहीत आहे. आमच्या कोंकणीत सख्खा भाऊ हा "भाव" असतो आणि त्याला "भावाक" म्हणतात. म्हणजे मूळ रूपातच व आहे आणि दोन अंगे उरलेलीच नाहीत. हेही उवासारखे उलट सपाटीकरण मानायचे का? आणखी एक, मराठीत "सांगितलें" आहे तिथे आम्ही "सांगलें" म्हणतो. लोक आम्हाला म्हणतात की तुम्ही रूप तोडले. मला वाटते की जोडले आहे ते मराठीने.

जुना_पाणवठा

दुसऱ्या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूचा आहे. सांग, माग, बघ या धातूंत "इत" येण्याचे उच्चारातले काही कारण दिसत नाही. "तला" गटाचाच हा विस्तार असावा असे मला वाटते. तसे असेल तर आज मुले "बघलं", "मागलं" म्हणतात तेव्हा पूर्वी पसरलेला साचा आता परत आक्रसतो आहे.

भाव बद्दल मी निर्णय देणार नाही. शेवटचा ऊ पुसट होऊन उच्चारानेच भाव झाला असेल, किंवा भावाक, भावान यांच्या ओढीने मूळ रूप बदलले असेल. दोन्हींचे फळ एकच दिसते. तुमच्याकडे ऊकारान्त असे दुसरे शब्द मूळ रूपात ऊ टिकवून आहेत का, ते पाहिले तर काही सांगता येईल. ते टिकले असतील तर भाव एकटाच बदलला, आणि मग सादृश्याचा पक्ष बळकट होतो.

मांडवीतीर

विंचू आमच्याकडे विंचूच आहे. तरी एका शब्दावरून बोलणे योग्य नाही. वडीलधाऱ्यांना विचारून यादी करते.

अक्षरवेल

सर्वांचे आभार. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली, आमच्या वाड्यात सगळे ज्यांना भाऊ म्हणत, त्या गृहस्थांबद्दल बोलताना आजीसुद्धा "भाऊंना सांगा" असेच म्हणते, "भावांना" नाही. तिच्या तोंडी हे कसे? दुसरी, लाडूला झाले तसे "जावेला" चे "जाऊला" झालेले मी ऐकले आहे, पण "माझ्या दोन जावा" चे "माझ्या दोन जाऊ" झालेले कधीच ऐकले नाही.

जुना_पाणवठा

पहिल्याचे उत्तर असे की तिथे भाऊ हा नात्याचा शब्द राहिलेला नाही, ते नाव झाले आहे. नावाला आपण सहसा हात लावत नाही. बापूंना, राजूला. "माझ्या भावाला" आणि "भाऊंना" अशी दोन्ही रूपे शेजारी नांदतात आणि प्रत्येकाला स्वतःचे काम मिळालेले असते. पोलिश भाषाशास्त्रज्ञ कुरिलोविच यांनी 1947 मध्ये असा विचार मांडला होता की सादृश्याने नवे रूप आले की ते मुख्य अर्थ घेते आणि जुने एखाद्या कोपऱ्यातल्या अर्थापुरते उरते. "विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर" या म्हणीत विंचवाचे सुखरूप आहे, आणि म्हण सोडून बोलताना तेच लोक "विंचूचा डंख" म्हणतात, ते या विचाराला धरून आहे. एकनाथांच्या भारुडात "विंचवाला उतारा" आहे, तेव्हा मात्र ते कोपऱ्यातले रूप नव्हते, रोजचेच होते. भाऊचे उदाहरण या विचाराच्या उलट आहे, कारण तिथे जुने रूप मुख्य अर्थात टिकले आणि नवे नावापुरते आले. नेहमी ऐकू येण्याचे बळ या नियमापेक्षा मोठे ठरले, असे मी म्हणेन.

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. "लाडवाला" मध्ये अर्थ सांगण्याचे काम "ला" करतो. "वा" गेला तरी ऐकणाऱ्याचे काही अडत नाही. "जावेला" मधल्या "वे"चेही तसेच. "जावा" मध्ये मात्र तो "वा" हीच अनेकवचनाची एकमेव खूण आहे. ती गेली तर एक जाऊ आणि दोन जाऊ यांत फरकच उरणार नाही. जो फेरबदल काही सांगत नाही तो आधी पुसला जातो, जो सांगतो तो थांबतो. हे मी नियम म्हणून नव्हे, कल म्हणून सांगतो.

बालवाडीताई

हे वाचून मी काल एक प्रयोग केला. कुठेच नसलेल्या एका प्राण्याचे चित्र काढले आणि त्याला "टमू" नाव दिले. मुलांना सांगितले, हा टमू आहे, आता चारा कोणाला द्यायचा? सगळी म्हणाली, टमूला. मग संध्याकाळी माझ्या सासूबाईंना तेच चित्र दाखवले. त्या आजही लाडवाला, विंचवाला, नातवाला असेच म्हणतात. त्यासुद्धा क्षणभर न थांबता "टमूला" म्हणाल्या. मी मुद्दाम "टमवाला का नाही?" असे विचारले तर त्यांना ते रूप कानाला खटकले.

जुना_पाणवठा

आपण टमू हे नाव म्हणून सांगितले असेल तर नावाचा परिणाम झाला असण्याची शक्यता आहे. "हा एक टमू आहे, इथे खूप टमू असतात" असे सांगून पुन्हा विचारून पाहावे. तरीही उत्तर तेच आले, तर सासूबाईंच्या पिढीतही लाडवा, विंचवा हा साचा नव्हता, फक्त पाठ असलेले शब्द होते असे म्हणावे लागेल. काजू पोर्तुगिजांबरोबर आला आणि आज सगळे काजूचा म्हणतात. तो आल्यापासूनच काजूचा होता की आधी "काजवाचा" होऊन मग सपाट झाला, हे कळले तर साचा कधी मिटला त्याचा अंदाज बांधता येईल.

अक्षरवेल

लेखिकेला मी आज कळवले की तिचे "लाडूचा" तसेच ठेवते आणि दुसऱ्या लेखातले "लाडवाचे"ही. एकाच लेखात मात्र दोन्ही येऊ देणार नाही. काजूकतलीच्या पाककृती आता पुन्हा वाचते, आणि आजीकडे जुन्या हस्तलिखित पाककृतींची वही आहे तीही काढते. तिच्या सासूच्या हातची आहे.